पिल्लाचं लसीकरण पॅकेज: किमतीआधी जन्मतारीख लिहा

मे महिन्यात माझ्या भाचीनं फोंड्याच्या घरी लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं आणि चार दिवसांत व्हॉट्सॲपवर मला तीन दवाखान्यांचे दर पाठवले. एकाचं पॅकेज ४,९९९ रुपयांचं, त्यात पाच व्हिजिट. दुसरा पॅकेज देत नाही, येईल त्या दिवशीचे पैसे घेतो. तिसरे डॉक्टर घरी येतात. खाली एकच प्रश्न होता, "मामा, यातलं स्वस्त कुठलं?"

मी पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात बसतो, त्यामुळे असे कागद रोज नजरेखालून जातात. तिला मी उलट विचारलं, "पिल्लाची जन्मतारीख काय?" ती म्हणाली, २ एप्रिल. तीन पॅकेजांची तुलना या तारखेशिवाय होत नाही. पॅकेजात व्हिजिट किती आहेत यापेक्षा त्या पिल्लाच्या कुठल्या वयावर पडतात, यावर लसीचा उपयोग ठरतो.

लस एकदाच का देत नाहीत?

बहुतेकांना वाटतं की तीन डोस म्हणजे शक्ती थोडी थोडी वाढवत नेणं. पार्वो आणि डिस्टेंपर या दोन मोठ्या रोगांच्या बाबतीत तसं नाही. या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो योग्य वेळी शरीरात गेला तर बहुतेक पिल्लांना एकच डोस पुरतो. अडचण येते ती आईकडून. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला आईची तयार प्रतिपिंडं मिळतात. ती पहिले काही आठवडे त्याला रोगापासून राखतात, पण बाहेरून आलेल्या लसीलाही तीच गाठून निकामी करतात. रखवालदारानं चोराबरोबर घरच्या पाहुण्यालाही फाटकावरूनच परत पाठवावं, तसला प्रकार.

ही प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात. एखाद्या पिल्लात आठव्या आठवड्यात ओसरतात, दुसऱ्यात बाराव्यात, काहींत सोळाव्यापर्यंत रेंगाळतात. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक असतो आणि बाहेरून पाहून तो कळत नाही. म्हणून डॉक्टर दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं लस देत राहतात. त्यातली एक नेमकी लागू पडेल, असा तो हिशोब आहे. त्यामुळे सगळ्यांत महत्त्वाचा डोस शेवटचा. तो सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर पडायला हवा. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची डब्ल्यूएसएव्हीए ही जागतिक संघटना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलं आहे. सोळाव्या आठवड्यालाही थोडी पिल्लं निसटतात, म्हणून सव्वीसाव्या आठवड्याच्या सुमारास आणखी एक डोस द्यावा, असंही त्यात आहे. आपल्याकडे हा डोस बऱ्याचदा "वर्षानं या" म्हणून पुढे ढकलला जातो. मग निसटलेलं पिल्लू मधले सहा-आठ महिने लस झाल्याच्या भरवशावर उघडंच फिरत असतं.

लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र वेगळ्या जातीची. तिच्यात मेलेले जंतू असतात, त्यामुळे दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस झाल्याशिवाय ती उभीच राहत नाही. दोन डोसांत सहा आठवड्यांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गोव्यात ही लस ऐच्छिक मानून चालणार नाही. उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी, शेताच्या मेरा, पावसाळ्यात अंगणात साचलेली डबकी, सगळं आपल्या दाराशीच आहे आणि हा रोग कुत्र्यापासून माणसालाही होतो.

आता भाचीच्या पिल्लाचं कॅलेंडर मांडू. २ एप्रिलचा जन्म, म्हणजे २८ मे रोजी आठ आठवडे, २५ जून रोजी बारा, २३ जुलै रोजी सोळा आणि १ ऑक्टोबर रोजी सव्वीस. पहिल्या तीन तारखांना पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो अशा रोगांवरची एकत्रित लस, चौथ्या तारखेला तीच पुन्हा. बाराव्या आठवड्यापासून रेबीज देता येते, म्हणून २५ जूनला रेबीज. जिथे धोका जास्त तिथे दोन ते चार आठवड्यांनी रेबीजचा दुसरा डोस देतात, तो २३ जुलैच्याच फेरीत बसतो. एकूण चार फेऱ्या झाल्या. तारखा दोन-चार दिवस पुढे सरकल्या तर बिघडत नाही, पण सोळा आठवड्यांची तारीख मागे आणायची नाही.

पिल्लू विकणाऱ्यानं सोबत एक कार्ड दिलं होतं. त्यावर पेनानं "पहिली लस दिली" एवढंच, ना लसीचं नाव ना सही. भाचीला वाटलं, एक डोस वाचला. वाचलेला नाही. सहाव्या आठवड्यातला तो डोस खरा असला तरी शेवटच्या डोसाची तारीख त्यानं अलीकडे येत नाही. तो धरून पॅकेजातली एक लस कमी करणारा दवाखाना स्वस्त दिसेल, पण कमी केलेली लस बहुधा शेवटचीच असेल.

सेव्हन इन वन, नाईन इन वन

दरपत्रकावर लसीच्या नावापेक्षा आकडा मोठा छापलेला असतो. नऊवाली सातवालीपेक्षा भारी, असा समज त्यातून होतो. सातमध्ये काय मोजतात ते पाहू. डिस्टेंपर, पार्वो आणि पॅराइन्फ्लुएन्झा हे तीन. यकृताचा संसर्गजन्य आजार आणि त्याच कुळातल्या विषाणूचा श्वसनाचा आजार, असे ॲडिनोव्हायरसचे दोन. उरलेले दोन म्हणजे लेप्टोचे दोन प्रकार. झाले सात. यातला ॲडिनोव्हायरस लसीत एकच असतो, संरक्षण मात्र दोन्ही आजारांपासून मिळतं, म्हणून तो दोनदा मोजतात.

नऊ किंवा दहा होतात तेव्हा वर काय चढवलं आहे ते विचारावं. लेप्टोचे आणखी दोन प्रकार असतील तर गोव्यासाठी त्याला अर्थ आहे, कारण लेप्टोची लस ठरावीक प्रकारांपुरतीच चालते. वर चढवलेला घटक कुत्र्यांचा कोरोना असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. हा माणसांच्या कोविडचा विषाणू नव्हे. पिल्लांना होणारा तो पोटाचा, बहुधा सौम्य आजार आहे. डब्ल्यूएसएव्हीए या लसीची शिफारसच करत नाही.

केनेल कफ म्हणजे कुत्र्यांचा सांसर्गिक खोकला. त्यावरची नाकात थेंब सोडून द्यायची लसही काही पॅकेजांत असते. ती कुत्रा कुठे राहणार यावर अवलंबून. चवथीला घरदार बंद करून गावच्या घरी जाणारे आणि कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवणारे असतील त्यांना ती हवी, आणि बोर्डिंगच्या दोन-तीन आठवडे आधी हवी. भाचीकडे आई-बाबा घरातच असतात, पिल्लू कुठे जायचं नाही. तिच्यासाठी ती वजा.

तीन कागद, एकच कॅलेंडर

आता हिशोब. दर दवाखान्यागणिक बदलतात, तेव्हा खालचे आकडे भाचीच्या हातातल्या कागदांपुरतेच समजा. पद्धत तेवढी घ्या.

आधी ४,९९९चं पॅकेज. त्यांनी दिलेल्या तारखा अशा होत्या: सातव्या आठवड्यात पपी लस, म्हणजे नुसती डिस्टेंपर-पार्वो, नवव्यात नाईन इन वन, अकराव्यात कोरोना, बाराव्यात पुन्हा नाईन इन वन, तेराव्यात रेबीज. पाच व्हिजिट, जंताचं औषध आत, तपासणी फुकट, मूळ किंमत ६,२५० आणि वर "२० टक्के सूट". बेरीज बरोबर आहे. त्यांच्याच दरानं पपी लस ६००, दोन नाईन इन वन २,२००, कोरोना ६००, रेबीज ३५० आणि पाच वेळची ५०० रुपये फी म्हणजे २,५००. झाले ६,२५०.

घोटाळा तारखांत आहे. पार्वोचा शेवटचा डोस २५ जूनला, म्हणजे बाराव्या आठवड्यात पडतो. त्यानंतर पॅकेज संपलं, कार्डावर पाच सह्या झाल्या आणि घरच्यांना वाटलं, पिल्लू आता मोकळं. आईची प्रतिपिंडं बाराव्या आठवड्यानंतरही टिकली असतील तर या पिल्लावर एकही डोस लागू पडलेला नाही. ते बाहेरून कळत नाही. ऑगस्टमध्ये रक्ताची हगवण सुरू झाली की कळतं आणि मग सलाईनवर चार-पाच दिवस ठेवावं लागतं.

शिवाय कोरोना दोनदा मोजला होता. त्यांच्या नाईन इन वनच्या डब्यावर कोरोना छापलेला आहेच आणि अकराव्या आठवड्यात तोच वेगळा. त्या एका टोचणीसाठी एक अख्खी व्हिजिट. रेबीजसाठी आणखी एक. रेबीज एकत्रित लसीच्याच दिवशी दुसऱ्या जागी टोचता येते, वेगळी फेरी लागत नाही. पाच व्हिजिटांतल्या दोन अशा रिकाम्या निघाल्या. "फुकट तपासणी"चे हजार रुपये त्यांच्यावरच दाखवले होते.

मी भाचीला त्याच बाटल्या वेगळ्या तारखांना मांडून दाखवल्या. पपी लस २८ मे रोजी, नाईन इन वन २५ जून रोजी रेबीजसकट, दुसरी नाईन इन वन २३ जुलै रोजी. शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात गेला, लेप्टोचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं बसले, फेऱ्या तीन झाल्या. आता हेच त्या दवाखान्यात पॅकेज न घेता सुटं घेतलं तर? तीन वेळची फी १,५००, लसी ३,१५० आणि जंताच्या गोळ्यांचे फार तर १८०. एकूण ४,८३०. म्हणजे २० टक्के सूट असलेलं पॅकेज त्याच दवाखान्याच्या सुट्या दरापेक्षा १६९ रुपयांनी महाग.

आता तिन्ही कागद एकाच कॅलेंडरवर, सव्वीसाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजचे दोन डोस आणि जंताच्या सगळ्या गोळ्या धरून. पॅकेजवाल्यांच्या मूळ तारखांनी गेलं आणि राहिलेले डोस नंतर घातले तर ८,८१९. पॅकेजच, पण तारखा बदलून, तर ७,२१९. त्याच दवाखान्यात सुटं, तर ७,०५०.

पॅकेज न देणारा दवाखाना तिच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. फी ३००, सेव्हन इन वन ८००, रेबीज ३००. चार फेऱ्यांची फी १,२००, चार एकत्रित लसी ३,२००, रेबीज ६०० आणि सुट्या घेतलेल्या गोळ्या ४५०. बेरीज ५,४५०.

घरी येणारे डॉक्टर फेरीला ७०० घेतात, तपासणी त्यातच. लसी थोड्या स्वस्त, ७५० आणि ३००. एकूण ६,८५०. पाहताना हे महाग वाटतं, पण त्यात एक गोष्ट मोलाची आहे. दवाखान्याच्या बाकाखालची फरशी ही पार्वो उचलण्याची नामी जागा. लस पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे जमिनीवर सोडूच नये, मांडीवर किंवा टोपलीत ठेवावं. घरी डॉक्टर आले तर तो प्रश्नच मिटतो. उलट बाजूला, घरी वजनकाटा नसतो आणि टोचल्यावर डॉक्टर पाच मिनिटांत पुढच्या घरी निघतात. लसीची ॲलर्जी झालीच तर बहुधा पहिल्या अर्ध्या-एक तासात दिसते. तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. दवाखान्यात असाल तर वीस-तीस मिनिटं थांबून बघता येतं.

फी कशाची आणि कधी

"कन्सल्टेशन फ्री" या दोन शब्दांत बरंच काही लपतं. बहुतेक पॅकेजांत ती लसीच्या दिवसाची तपासणी असते. मधेच पिल्लाला जुलाब लागले, कानात घाण झाली, लंगडायला लागलं, तर ती आजाराची तपासणी, तिची फी वेगळी. ती किती, आणि त्यानंतर किती दिवसांत दाखवायला नेलं तर पुन्हा फी घेत नाहीत, हे आधी विचारून ठेवावं. रविवारची आणि रात्रीची फी कित्येक ठिकाणी दुप्पट असते.

विसरला जाणारा प्रश्न असा: लस द्यायला नेलं आणि डॉक्टरांनी ताप बघून परत पाठवलं तर? चांगले डॉक्टर परत पाठवतातच. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. अंगात ताप असेल, पिल्लू मलूल असेल, जुलाब असतील तर लस पुढे ढकलतात. अशी फेरी पॅकेजातली एक व्हिजिट म्हणून कापली जाते का? कापत असतील तर पाचाच्या चार झाल्या. पॅकेजची मुदतही त्याच वेळी बघून घ्यावी. भाचीच्या कागदावर घेतल्यापासून तीन महिने लिहिलं होतं. २८ मे रोजी घेतलं तर २८ ऑगस्टला संपतं, १ ऑक्टोबरचा डोस त्यात कधीच बसणार नव्हता.

बिलावर जीएसटी दिसला तर कशावर लावला ते पाहा. जनावरांच्या आरोग्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यानं दिलेली सेवा जीएसटीतून वगळलेली आहे. आंघोळ, केस कापणं, नखं यांना ही सवलत नाही. पॅकेजात ग्रूमिंग घातलं असेल तर कर त्या वाटेनं आत आलेला असतो.

आणि तपासणी म्हणजे तपासणी झाली पाहिजे. वजन कार्डावर लिहिलं, ताप बघितला, हिरड्या उघडून रंग पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावला, पोट दाबून पाहिलं, नर पिल्लाचे वृषण उतरलेत का ते बघितलं, अंगावर गोचीड चाळले, एवढं दहा मिनिटांत होतं. दारातूनच धरा आणि टोचा असं चालत असेल तर त्या दवाखान्याची ३०० रुपये फी महाग आणि वरचं सगळं करणाऱ्याची ५०० रास्त, असं माझं मत आहे.

टोचणीच्या दिवशी टेबलाजवळ उभं राहून काय बघायचं ते सांगतो. एकत्रित लसीच्या दोन छोट्या बाटल्या असतात. एकीच्या तळाशी पांढरी वडीसारखी सुकी पावडर, ती जिवंत विषाणूंची. दुसरीत द्रव, बहुधा लेप्टोची लस. द्रव सिरिंजमध्ये ओढून पावडरीच्या बाटलीत सोडतात, हलवतात आणि लगेच टोचतात. सकाळीच कालवून ठेवलेली सिरिंज बाहेर आली तर नको म्हणा. बाटल्या तुमच्यासमोर फ्रिजमधून किंवा बर्फाच्या डब्यातून निघाल्या पाहिजेत, कारण त्यांना २ ते ८ अंश सेल्सियस लागतं. मे महिन्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा दुकानातला फ्रिज सांभाळताना आमची धावपळ होते. दवाखान्यात इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न म्हणून अगदी बरोबर आहे. घरी येणाऱ्या डॉक्टरांच्या डब्यात बर्फाच्या वड्या आहेत का, तेही बघा. गोठलेली लसही वाया जाते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

मग बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर कंपनी, लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते, बाजूला डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक. पालिकेत किंवा पंचायतीत कुत्र्याची नोंदणी करताना, बोर्डिंगमध्ये, रेल्वेनं न्यायचं असेल तेव्हा हेच कार्ड दाखवायचं. पूर्ण बाटली एका पिल्लाची असते. पोमेरेनियन असो की ग्रेट डेन, डोस सारखाच. "लहान पिल्लू आहे, अर्धी देतो" म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

जंताच्या गोळ्या मात्र वजनावर असतात. दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायच्या. लॅब्रॅडोर त्या काळात भराभर वाढतो. मेमध्ये अर्धी गोळी पुरते, सप्टेंबरात अडीच लागतात. पॅकेजात "डीवर्मिंग मोफत" म्हणजे पहिल्या तीन स्वस्त वेळा आहेत की पाचही, ते विचारायचं. मी वर ४५० धरले ते एकूण साडेसात गोळ्यांचे.

रेबीजची लस विकत घ्यायची की फुकट, हाही गोव्यात खरा प्रश्न आहे. मिशन रेबीज या संस्थेची पथकं २०१४पासून सरकारच्या सोबतीनं इथे काम करताहेत. ती वाड्यावाड्यांवर फिरून भटक्या आणि पाळीव कुत्र्यांना मोफत रेबीज टोचतात. त्यातूनच २०२१मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. पथक आलं आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालेलं असेल तर खुशाल टोचून घ्यावं, कार्डावर नोंद करायला लावावी आणि पॅकेजातून तेवढी रक्कम वजा मागावी. एकत्रित लस मात्र ही पथकं देत नाहीत. दरवर्षी कुणी ना कुणी भेटतं, ज्याला "लस झालीय की" म्हणजे सगळं झालं असं वाटत असतं.

गोचीड-तापावर आपल्याकडे लसच नाही. कुठल्याही पॅकेजात तो झाकला जात नाही, मात्र पाऊस ओसरला की दवाखान्यांत त्याचीच रांग असते. महिनाभर किंवा तीन महिने टिकणारी गोचिडांवरची गोळी वजनाप्रमाणे मिळते, तिचा खर्च लसीच्या बाजूला वेगळा धरावा.

मांजराचा हिशोब याच रीतीनं करायचा. तिथे थ्री इन वन आणि रेबीज एवढंच बघायचं असतं. सोळा आठवड्यांचा नियम तोच, फक्त लेप्टो आणि केनेल कफ नाही.

भाचीनं पॅकेजवाल्यांना तारखा बदलून मिळतील का, असं विचारलं. रिसेप्शनवरून उत्तर आलं की तारखा बदलता येतील, पण कोरोनाच्या जागी दुसरं काही देता येणार नाही. मग तिनं चालत जाण्याजोग्या दवाखान्यात चार तारखा लिहून दिल्या. डॉक्टरांनी त्या कार्डावर पेन्सिलनं टाकल्या आणि २५ जूनची फक्त एक दिवस पुढे सरकवली, कारण त्या दिवशी लसीचा पुरवठा यायचा होता. वाचलेल्या पैशांतून तिनं गोचिडांच्या गोळ्या घेतल्या, अर्थात माझ्याच दुकानातून.

आता पुढच्या वर्षी तिच्यापुढे "वार्षिक पॅकेज" येईल, सगळ्या लसी दरवर्षी असं म्हणत. डिस्टेंपर, पार्वो आणि ॲडिनोव्हायरस हे सव्वीसाव्या आठवड्याचा डोस झाल्यावर तीन वर्षांच्या आत पुन्हा लागत नाहीत. दरवर्षी लागते ती लेप्टो, आणि रेबीज लेबलवरच्या मुदतीप्रमाणे. अडचण एवढीच की सुटी लेप्टो प्रत्येक दवाखाना ठेवत नाही, म्हणून पुष्कळदा सात इन वनच टोचतात. सुटी मागवून ठेवाल का, असं महिनाभर आधी विचारलं तर बहुतेक डॉक्टर मागवून देतात, आणि पावसाळ्याला तोंड लागायच्या आधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, ती टोचून झालेली बरी.